मान ओली, पाय गार

*मावशी, लग्न होऊन मी पुण्याहून ग्वाल्हेरला आले. इथली ही माझी दुसरीच थंडी आणि बाळाची पहिली. बाळ अडीच महिन्यांचं आहे, जन्माच्या वेळी ३ किलोचं होतं, अंगावरच पितं. लश्करमधलं जुनं दगडी घर आहे. रात्री ब्लोअर लावतो आणि दीडच्या सुमाराला बंद करतो. सासूबाई बाळाला झबलं, दोन स्वेटर, लोकरी टोपडं, हातमोजे, पायमोजे घालतात आणि वर छोटी रजई. म्हणतात, इथली थंडी तुला माहीत नाही. परवा रात्री बाराला बाळाची मान घामानं चिंब होती, काखेत ९९.८ दाखवलं. पहाटे मात्र पाय बर्फासारखे. त्यावर त्यांनी अजून एक स्वेटर काढला. आता कोहरा पडायला लागलाय, तर शेगडी आत घेऊ म्हणतात. माझ्या बाळाला गार होतंय की गरम?*

दोन्ही होतंय, आणि आधी गरम होतं म्हणूनच नंतर गार होतंय. रात्री बाराला अंगावर आलेला घामच पहाटे पाचला त्याला गार करतोय.

ग्वाल्हेरच्या घरांतला हा प्रकार मी इतक्यांदा पाहिलाय की तुझं पत्र अर्धं वाचल्यावरच पुढचं कळलं. तेहतीस वर्षं मी नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स होते. पण सगळ्यात नीट हे कळलं ते गेल्या जानेवारीत, माझ्या भाचीकडे. तिचं बाळ तेव्हा तीन महिन्यांचं होतं, घर तुझ्यासारखंच जुनं, दगडी भिंतींचं, उंच छताचं. बाळाला सारखी सर्दी होते म्हणून ती रडकुंडीला आली होती. मी दोन रात्री तिच्याकडे मुक्काम केला. जाताना खोलीचं तापमान दाखवणारं एक साधं डिजिटल यंत्र घेऊन गेले आणि ते बाळाच्या गादीच्या उंचीवर टांगलं. भिंतीवर वर टांगून उपयोग नाही, गरम हवा वरच जाते. छतापाशी २५ असतात तेव्हा गादीपाशी २० सुद्धा नसतात.

पहिल्या रात्री मी काहीच बदललं नाही, फक्त वहीत लिहीत बसले. नऊ वाजता खोलीत १७ अंश. मग ब्लोअर लागला. अकराला २६. बाळाच्या अंगावर झबलं, बनियन, दोन स्वेटर, टोपडं, वर दुलई. बाराला मानेमागे हात घातला तर बोटं ओली. काख पुसून थर्मामीटर लावला, ९९.९. झोपेत गाल लाल, श्वास जरा घाईचा. दीडला भाचीच्या नवऱ्यानं सवयीनं ब्लोअर बंद केला. तीनला २० अंश, साडेपाचला १४. आणि साडेपाचला मी झबल्याच्या आत हात घातला तर पाठीवरचं सुती कापड अजून दमट होतं, थंडगार. छाती गार, काखेत ९७.२. दोन स्वेटर, टोपडं, दुलई सगळं जागच्या जागी होतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, बाळ किती छान गुंडाळलंय.

म्हणजे एकाच रात्रीत बाळ आधी तापलं आणि मग गारठलं. घामानं भिजलेलं सुती कापड वाळताना अंगातली उष्णता ओढून घेतं, ओल्या पंच्यात गुंडाळलेला माठ गार होतो तसं. त्यावर तिसरा स्वेटर चढवला की पुढच्या रात्री घाम आणखी लवकर येतो. तुझ्या घरातही हेच चाललंय असं मला वाटतं.

आता तुझं पहिलं काम: पाय चाचपून निर्णय घेणं बंद कर. बाळांचे हातपाय गार असतात, कधी निळसरही दिसतात, कारण या वयात रक्त आधी मधल्या अंगाकडे जातं. निर्णय मधल्या अंगावरून घ्यायचा. हाताची पाठ, म्हणजे बोटांची उलटी बाजू, आधी पोटावर किंवा छातीवर लाव, मग मानेमागे. तुझा स्वतःचा हात रजईतून काढून जरा गरम झालेला असू दे, नाहीतर गार हाताला सगळंच गरम लागतं. पोट कोमट आणि कोरडं, मान कोरडी, पाय किंचित गार: बाळ ठीक आहे, हात लावू नकोस. पोट कोमट पण पाय अगदी गारठलेले: पायमोजे किंवा एक पातळ थर. पोटच गार: हे गंभीरपणे घ्यायचं, त्याबद्दल पुढे लिहिते. आणि मान ओली किंवा केस दमट: एक थर काढ. आतलं कापड भिजलं असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी तेही बदल. झोपलेल्या बाळाचं झबलं बदलायला जिवावर येतं, मला ठाऊक आहे. पण पहाटेचं गारठणं तिथेच थांबतं.

काखेतलं तापमान नीट मोजलेलं असेल तर ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट हे बाळाचं नेहमीचं. मोजण्याआधी काख कोरडी पूस, ओल्या काखेत आकडा खाली येतो. तुला दिसलेलं ९९.८ हे बहुधा कपड्यांचं होतं. अशा वेळी दुलई आणि एक स्वेटर काढायचा, वीस-तीस मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. कपड्यांमुळे चढलेलं असेल तर उतरतं. भाचीच्या बाळाचं वीस मिनिटांत ९८.८ झालं. मात्र तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्यावर दिसलं, तर कपड्यांनी झालं असेल म्हणून सोडून द्यायचं नाही. नंतर उतरलं तरी डॉक्टरांना लगेच फोन करायचा. या वयात आतला संसर्ग कधी कधी एवढ्याशा तापातूनच दिसतो.

टोपड्याचं बोलू. मला माहीत आहे, घरात खरा वाद तिथेच होणार. टाळू उघडी ठेवायची नाही, तिथून वारा शिरतो, हे तुझ्या सासूबाईंनी त्यांच्या सासूबाईंकडून ऐकलेलं असणार आणि माझ्याही आईनं मला सांगितलेलं आहे. त्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं, एकूण कातडीचा जवळजवळ पाचवा हिस्सा डोक्या-मानेचा. म्हणून बाहेर गारठ्यात नेताना, गच्चीवर कोहऱ्यात उभं राहताना, अंघोळीनंतर केस ओले असताना टोपडं हवंच. जन्मल्यावर पहिल्या दिवसांतही आम्ही वॉर्डात टोपी घालत असू.

पण हाच हिशेब झोपेत उलटा होतो. अंग चारी बाजूंनी झाकलेलं असतं तेव्हा जास्तीची उष्णता बाहेर टाकायला बाळाकडे डोकं आणि चेहरा एवढीच उघडी जागा उरते. घामही त्याला आधी कपाळ-मानेवर येतो. तिथे लोकरीचं टोपडं घातलं की त्याची एकमेव खिडकी बंद झाली. शिवाय झोपेत मान वळली की टोपडं नाकावर सरकतं, आणि अडीच महिन्यांच्या बाळाला ते हातानं काढता येत नाही. त्यात तुम्ही हातांना मोजेही घालून ठेवलेत.

अंग फार तापणं आणि झोपेत अचानक बाळ जाणं यांचा संबंध पुष्कळ देशांतल्या पाहण्यांतून दिसून आलेला आहे. असा अचानक मृत्यू सगळ्यात जास्त दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान होतो, म्हणजे तुझं बाळ नेमकं त्याच वयात आहे. तापलेलं बाळ गाढ झोपतं, नाकातोंडाशी काही आलं तर जागं होऊन मान फिरवण्याची त्याची धडपड कमी पडते. तुला घाबरवायला लिहीत नाही. पण थंडीत चूक नेहमी कमी घालण्याचीच होते, असं आपल्याकडे धरून चालतात, म्हणून स्पष्ट लिहिलं. घरात, झोपेत, टोपडं नाही. वेळेआधी जन्मलेलं किंवा अडीच किलोच्या आतलं बाळ असेल तर नियम वेगळे. ती बाळं ऊब धरू शकत नाहीत, त्यांना टोपी आणि जास्त गरम खोली डॉक्टर सांगतील तशी. तुझं बाळ त्यात बसत नाही.

आता कपडे किती? ढोबळ माप असं: त्याच खोलीत तू रजईबाहेर बसून ज्या कपड्यांत आरामात असशील, त्यापेक्षा बाळाला एक थर जास्त. पण हे माप लावायला खोली रात्रभर एकसारखी हवी, आणि तुमची खोली तशी राहत नाही. नऊला १७, अकराला २६, पहाटे १४ अशा खोलीत कुठलाही पोशाख बरोबर असू शकत नाही. पहाटेच्या १४ साठी कपडे घातले की अकराच्या २६ मध्ये घाम येणार. अकराच्या हिशेबानं घातले तर पहाटे गारठणार. म्हणून आधी खोली बसवायची, मग कपडे.

दुसऱ्या रात्री भाचीकडे आम्ही तेच केलं. शेजारच्यांकडून तेल भरलेला, पन्हाळीसारखे पत्रे असलेला हीटर उसना आणला. ब्लोअर झटक्यात खोली गरम करतो आणि बंद झाला की झटक्यात गारही होऊ देतो. तेलाचा हीटर हळू तापतो, पण थर्मोस्टॅट खाली ठेवला की आपोआप बंद-चालू होत रात्रभर एका पातळीवर राहतो. आठ वाजता लावला, दहाच्या आत खोली १९ वर आली, मग थर्मोस्टॅटचा काटा खाली आणत आणत बरोबर जागा शोधली. त्या रात्रीची वही अशी: अकराला १९, दोनला १९, साडेपाचला १८. बाळाच्या अंगावर बिनबाह्यांचं सुती बनियन, वर पूर्ण बाह्यांचा पायापर्यंतचा सुती सूट, एक पातळ लोकरी स्वेटर आणि झोपण्याची पिशवी. टोपडं नाही, हातमोजे नाहीत, दुलई नाही. बाराला मान कोरडी, काखेत ९८.४. साडेपाचला पोट कोमट, पाय जरासे गार, ९८.१. भाची त्या रात्री आठवड्यात पहिल्यांदा सलग साडेतीन तास झोपली. मी मात्र वही घेऊन बसलेली.

१८ ते २१ अंशांत खोली राहिली तर एवढे कपडे पुरतात. २१ च्या वर गेली तर स्वेटर काढ. इथे जानेवारीत रात्रीचा पारा सरासरी ७ च्या आसपास जातो आणि शीतलहरीत २-३ पर्यंतही, त्यामुळे हीटरशिवाय दगडी खोली सहज १३-१४ वर येते. तेवढ्यात मी बाळाला थरांवर थर चढवण्यापेक्षा खोलीच गरम करा म्हणेन. वीज गेली तर? तर स्वेटर आणखी एक, पिशवी जाड, आणि वीज आल्यावर तो काढायची आठवण. बडोद्याला माझी वहिनी याच काळात एक बनियन, एक सूट आणि पातळ चादरीत नातवंडं वाढवते, तिथे हीटर लावला तर बाळ भाजून निघेल. म्हणून दुसऱ्या गावचं माप घ्यायचं नाही.

पिशवीबद्दल विचारशील. बाजारात मिळतात, पण शिवूनही घेता येते. बाहेरून फ्लॅनेल, मध्ये पातळ अस्तर, बाह्या नाहीत, खाली रुंद म्हणजे पाय बेडकासारखे फाकवता येतील, लांबी खांद्यापासून पायापर्यंत आणि वर चार बोटं. गळा महत्त्वाचा. बंद केल्यावर एक-दोन बोटं जातील एवढीच मोकळीक हवी. गळा मोठा झाला तर बाळ आत घसरतं आणि डोकं पिशवीत जातं. वर हुड, नाड्या, बटणांची झालर काही नको. चेन खालून उघडणारी असली तर लंगोट बदलताना छाती उघडी पडत नाही, ही छोटी गोष्ट रात्री तीनला फार मोठी वाटते. पिशवी नसेल तोपर्यंत पातळ ब्लँकेट काखेखाली, दोन्ही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलेलं, आणि बाळाचे पाय पाळण्याच्या पायथ्याला टेकतील एवढं खाली झोपवलेलं, म्हणजे खाली सरकून ते आत जाणार नाही. रजई, दुलई, गोधडीची घडी, कडेला लावलेले लोड आणि ती मोहरीची उशी, हे सगळं झोपेच्या जागेवरून उचल. डोकं गोल व्हायला उशी लागत नाही, जागेपणी पोटावर घेतलं की होतं. झोपवायचं पाठीवर, दरवेळी. दुपट्यात गुंडाळत असशील तर छातीशी हात जाईल इतकं सैल, कंबरेखाली मोकळं. आणि बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करायला लागलं त्या दिवशी गुंडाळणं बंद.

एक गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस पण होत असणार. पहाटे तीनला तू बाळाला रजईत घेऊन पाजतेस आणि दोघंही तशीच झोपता. थंडीत कोणाला बसून राहावंसं वाटतं? पण मोठ्यांची रजई जड असते, तुमच्या दोघांच्या अंगाची ऊब त्यात भर घालते आणि बाळाचं तोंड कुठे गेलं ते झोपेत कळत नाही. उपाय असा: स्वतःसाठी पुढून उघडणारा जाड स्वेटर आणि खांद्यावर शाल ठेव, रजई फक्त कमरेपर्यंत. बाळाला पिशवीतच ठेवून पाज, उघडू नकोस. झोप येईल अशी भीती असेल तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसू नकोस, तिथे बाळ फटीत अडकतं. त्यापेक्षा पलंगावरच, उशा-रजई बाजूला सारून पाज, आणि जाग आली की त्याला त्याच्या जागेवर ठेव. त्याची जागा वेगळी पण तुझ्या हाताच्या अंतरावर, त्याच खोलीत. निदान सहा महिने तरी. घरात कोणी सिगारेट-बिडी ओढत असेल, किंवा रात्री कोणी दारू प्यायलं असेल, तर त्यानं बाळाशेजारी झोपायचंच नाही.

हीटरला चार गोष्टी सांभाळ. पडदा, रजई, पाळणा, कपडे यांच्यापासून निदान ३ फूट लांब, आणि ब्लोअरचा झोत बाळाकडे नाही, भिंतीकडे. लांब वायरीच्या बोर्डावर लावायचा नाही. २००० वॅटचा हीटर पावणेनऊ अँपिअर ओढतो, आणि घरातले छोटे सॉकेट ६ अँपिअरचे असतात. मोठ्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये थेट लाव. हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या धाकट्याच्या वेळी आमचा प्लग पांढऱ्याचा तपकिरी झाला होता आणि मला जाग आली ती जळक्या प्लॅस्टिकच्या वासानं. प्लगला रोज रात्री हात लाव, कोमट ठीक, चटका बसला तर बंद. आणि कोहऱ्यात चार दिवस ऊन नाही म्हणून हीटरवर लंगोट वाळत घालायचे नाहीत. तुला हसू येईल, पण इथे घरोघरी तेच चाललेलं असतं. दोरी लांब बांधून वाळव.

विजेचा हीटर हवेतला ऑक्सिजन खातो असं तुला कोणी सांगेल. खात नाही, त्यात काही जळत नाही. खोली बंद राहिल्यानं कोंदट होते आणि हवा कोरडी लागते, म्हणून खिडकी दोन बोटं उघडी ठेव. बाळाचं नाक चोंदलं तर साध्या सलाइनचे थेंब. पाण्याचं भांडं ठेवायचं असेल तर ठेव, फक्त वायरीपासून लांब. गरम पाण्याची पिशवी गादी गरम करायला चालते, पण बाळ ठेवण्याआधी काढून घ्यायची, आणि मग गादीला हात लावून पाहायचा. विजेची चादर बाळासाठी नाही.

शेगडी. इथे मी वाद घालणार नाही, नाही म्हणते. अंगणात बाळंतिणीला शेक द्यायला, उघड्यावर, बसलं तर बसू दे. आत, दार लावून, झोपण्याच्या खोलीत नाही. लोकांना वाटतं धूर संपला, निखारे लाल झाले, वर राख बसली, आता धोका नाही. उलट तेव्हाच तो दिसत नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो, त्याला वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही. दरवर्षी हिवाळ्यात उत्तरेकडून बंद खोलीत अंगीठीजवळ अख्खं कुटुंब गेल्याच्या बातम्या येतात, त्या याच्याच.

माझ्या थोरल्या लेकीच्या वेळी आम्ही सराफ्यापाशी भाड्यानं राहत होतो, आणि मी स्वतः नर्स असून शेगडी आत ठेवली होती. डिसेंबर होता, दार लावलेलं, फटीत गोणपाट खोचलेलं. पहाटे उठले तर डोकं फुटत होतं, मळमळत होतं, वाटलं रात्रीच्या भज्यांनी झालं असेल. लेक नेहमी पाचला दूध मागायची, त्या दिवशी उठवूनही डोळे उघडेना. तिला घेऊन मी गच्चीवर पळाले आणि तिथे बसल्यावर कळलं की शेगडी. ती अर्ध्या तासानं रडली. मग दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. आज ती चाळिशीची आहे, तरी कोळशाच्या वासानं माझे हात गार पडतात. मोठ्या माणसाचं डोकं दुखतं, उलटीसारखं होतं, म्हणून त्याला कळतं तरी. बाळ फक्त जास्त झोपतं आणि पीत नाही. असं दिसलं तर आधी दार-खिडक्या, मग उघड्यावर, मग १०८ ला फोन. गॅसचा हीटर आणि बंद न्हाणीघरातला गॅस गिझर यांनाही हेच लागू, बाळाच्या अंघोळीच्या वेळी गिझर बंद करूनच आत जायचं.

आता पोट गार लागलं तर काय, ते सांगते. ओले कपडे काढ, लंगोट तेवढा ठेव, बाळाला उघडं तुझ्या उघड्या छातीवर उभं धर, पोटाला पोट, तोंड एका बाजूला वळलेलं, नाक मोकळं. वरून शाल दोघांभोवती आणि या वेळी टोपडं घाल. पाज. तू जागी असायला हवीस, शेजारी सासूबाईंना बसव. हीटरसमोर धरून शेकू नकोस, एकीकडे भाजतं, एकीकडे गार राहतं. अर्ध्या तासात पोट कोमट व्हायला हवं आणि काखेत ९७.७ च्या वर. झालं नाही, किंवा बाळ ओढून पीत नाही, मलूल आहे, रडणं क्षीण आहे, तर तसंच छातीशी धरून दवाखाना गाठ. लहान बाळ गारठल्यावर मोठ्यांसारखं कुडकुडत नाही, त्यामुळे थरथर दिसायची वाट पाहू नकोस.

सासूबाईंचं. त्यांच्याशी भांडून टोपडं काढशील तर तू झोपल्यावर त्या घालतील, आणि ती तुझ्या बाळाची सगळ्यात वाईट रात्र असेल. त्यांना खोलीचं यंत्र आणि वही दे. आज रात्री काही बदलू नका, फक्त तुम्ही तीनदा हात लावून लिहा म्हणावं: बाराला मान, तीनला मान, साडेपाचला झबल्याच्या आतली पाठ. भाचीच्या सासूनं दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून विचारलं, पाठ ओली कशी राहते गं? तोवर मी एक अक्षर बोलले नव्हते. लोकरीचे स्वेटर त्यांनी विणलेले असतील, तर पातळ लोकरीचा एक पुढून उघडणारा विणून मागव. दोन जाड स्वेटरांपेक्षा तो जास्त कामाचा, आणि त्यांचं विणणं बाळाच्या अंगावर राहतं.

फेब्रुवारीत दिवसा ऊन कडक होतं पण रात्री अजून गारच असतात. त्या दिवसांत खोलीचं यंत्र पाहिल्याशिवाय काल रात्रीचेच कपडे आज घालू नकोस. आणि संक्रांतीला बोरन्हाण करणार असाल तर गच्चीवर, दुपारच्या उन्हात, टोपडं घालून करा. बोरं आणि चुरमुरे बाळाच्या मुठीतून लगेच काढून घ्या. खाली खोलीत आलं की टोपडं खुंटीला.